हायड्राइड खाली जाताना जोरदार, ऑक्सिअ‍ॅसिड खाली जाताना कमजोर: एकाच गटात उलटं का?

निपाणी_सायन्स
पीयूसी दुसऱ्या वर्षाचा पी-ब्लॉक चाललाय. नोट्समध्ये HF < HCl < HBr < HI असं दिलंय आणि कारण लिहिलंय की अणू मोठा, बाँड लांब, म्हणून H लवकर सुटतो. पुढच्याच पानावर HOCl > HOBr > HOI आहे आणि तिथं कारण आहे इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी. आडवं गेलं की CH4 < NH3 < H2O < HF, तिथंही इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीच. मग HF आणि HI मध्ये ती का चालत नाही? कोणतं कारण कुठं लावायचं हे कसं ठरवायचं? केसीईटीला तिन्ही प्रकार एकाच प्रश्नात मिसळून देतात. आणि H3PO2, H3PO3, H3PO4 चा क्रम तर मला कुठल्याच नियमात बसवता येत नाही.

चिकोडीकर
सोपं आहे. खाली जाताना हायड्राइड असेल तर साइज, ऑक्सिअ‍ॅसिड असेल तर इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी. आडवं जाताना दोन्हीकडे इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी. एकाच मूलद्रव्याची ऑक्सिअ‍ॅसिड असतील तर ऑक्सिडेशन नंबर जितका जास्त तितकं अ‍ॅसिड जोरदार. HOCl पासून HClO4 पर्यंत लावून बघ, बरोबर येतं. एवढं पाठ केलं की मार्क कुठं जात नाहीत.

टिळकवाडी_रसायन
चिकोडीकर, क्लोरीनच्या मालिकेत तुमचा नियम बसतो, पण फॉस्फरसला लावला की उत्तर उलटं येतं. तिथं मी नंतर येतो. आधी हायड्राइडचं बघू, कारण तिथं साइज की इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी असा वादच नाही. दोन्ही प्रत्येक वेळी काम करत असतात, आपण फक्त जी जिंकते तिचं नाव घेतो.

H–X मधून H⁺ काढायचा तर हिशोबात तीन नोंदी येतात. बाँड तोडायला ऊर्जा लागते. सुटलेल्या X ने इलेक्ट्रॉन घेतला की काही ऊर्जा परत मिळते. आणि H चा इलेक्ट्रॉन काढायला 1312 किलोज्यूल लागतात, ते सगळ्यांना सारखेच, म्हणून तुलनेत ते सोडून द्यायचे. उरते एकच वजाबाकी: बाँडची ऊर्जा वजा परत मिळालेली ऊर्जा. उत्तर जितकं लहान, तितकं अ‍ॅसिड जोरदार.

आधी आडवं जाऊ. आकडे किलोज्यूल प्रति मोल, पहिला H काढण्याचे:

CH4: 439 − 8 = 431
NH3: 450 − 74 = 376
H2O: 497 − 176 = 321
HF: 570 − 328 = 242

पहिला स्तंभ नीट बघ. CH4 पासून HF पर्यंत बाँड कमजोर होत नाही, उलट 131 ने मजबूत होतो. बाँडवरूनच ठरत असतं तर CH4 सगळ्यात जोरदार अ‍ॅसिड ठरलं असतं. पण परत मिळणारी ऊर्जा 8 वरून 328 वर जाते, म्हणजे 320 ने वाढते, आणि ती बाँडला मागे टाकते. आडव्या ओळीत अणूंच्या आकारात फार फरक नसतो, म्हणून इथं ऋण भार कोण सांभाळतो यावरच निकाल लागतो.

आता हॅलोजनमध्ये खाली जा:

HF: 570 − 328 = 242
HCl: 431 − 349 = 82
HBr: 366 − 325 = 41
HI: 298 − 295 = 3

HCl पासून HI पर्यंत परत मिळणारी ऊर्जा 54 ने घटते. म्हणजे इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी आपलं काम करतेच आहे, HI ला कमजोर करायला बघते आहे. पण बाँड 133 ने सैल होतो, म्हणून तो जिंकतो. तुझ्या नोट्समधली दोन्ही कारणं खरी आहेत. नोट्समध्ये हरलेलं कारण लिहिलेलं नाही, म्हणून नियम बदलल्यासारखा वाटतो.

निपाणी_सायन्स
सर, हे पहिल्यांदा कळलं. पण हे आकडे वायूतले ना? पेपरात पाण्यातल्या अ‍ॅसिडबद्दल विचारतात.

कॅम्प_लॅब
मला मुळात HF कमजोर म्हणणंच पटत नाही. काच खाणारं अ‍ॅसिड ते. HCl वर्षानुवर्षं काचेच्या बाटलीत राहतं, HF ला प्लॅस्टिकची बाटली लागते. मग जोरदार कोण?

टिळकवाडी_रसायन
काच खाण्याचा आणि H⁺ देण्याचा संबंध नाही. काचेत सिलिकॉन असतो आणि सिलिकॉन–फ्लोरिन बाँड फार मजबूत असतो, म्हणून फ्लोरिन सिलिकॉनला ओढून SiF6²⁻ सारख्या रूपात घेऊन जातो. क्लोराइडला ते जमत नाही. 0.1 मोलर HCl चा pH साधारण 1 येतो. तेवढ्याच HF चा 2.1 च्या आसपास, म्हणजे शंभर रेणूंतले जेमतेम आठ सुटलेले. HF ला कमजोर म्हणायचं ते एवढ्याच अर्थाने. कातडीवर पडलं तर मात्र ते HCl पेक्षा कितीतरी घातक आहे, कारण न सुटलेला HF आत झिरपतो आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. ज्या लॅबमध्ये HF असतं तिथं कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवतात ती त्यासाठी.

निपाणी, पाण्यातला प्रश्न बरोबर आहे. वायूत HF आणि HCl मध्ये 160 चं अंतर आहे. पाण्यात गेल्यावर लहानसा F⁻ पाण्याचे रेणू इतके घट्ट धरतो की त्याला Cl⁻ पेक्षा सुमारे 140 जास्त परत मिळतात. म्हणजे अंतर बहुतेक भरून निघतं. तरी HF का मागे राहतं? एक तर न सुटलेला HF सुद्धा हायड्रोजन बाँडने पाण्याला बांधलेला असतो, त्याला तिथून सोडवावं लागतं. दुसरं, F⁻ भोवती पाण्याचे रेणू जखडले जातात, त्यांचं स्वातंत्र्य जातं, आणि एन्ट्रॉपीचा तोटा होतो. पाण्यात HF सुटताना थोडी उष्णता बाहेर पडते, साधारण 13 किलोज्यूल, आणि तरीही ते कमजोर राहतं. याचा पुरावा असा की द्रावण तापवलं तर HF आणखी कमी सुटतं.

आणि HCl, HBr, HI तिघंही पाण्यात पूर्ण सुटतात. त्यांच्यातला फरक पाण्यात दिसतच नाही, तो बघायला ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडसारखं H⁺ घ्यायला नाखूष असणारं द्रावक लागतं. पुस्तकात HCl चा pKa −7, HI चा −10 असे आकडे दिसतात, ते मोजलेले नाहीत, अंदाजाने काढलेले आहेत. त्यातल्या एकेका आकड्यावर वाद घालत बसू नये.

खानापूरची_शिक्षिका
ऑक्सिअ‍ॅसिडचा भाग मी मांडते. मुलं घोटाळा करतात तो एकाच ठिकाणी: H कुठं लागलाय हे न बघता सूत्र वाचतात.

HOCl, HOBr, HOI मध्ये H हॅलोजनला नाहीच. तिन्हीत तुटतो तो O–H. म्हणजे सरांच्या वजाबाकीतला पहिला आकडा तिघांत फारसा हलत नाही. हॅलोजन एक अणू मागे बसून O वरचा भार स्वतःकडे ओढतो, तेवढंच त्याचं काम. क्लोरीन जास्त ओढतो, आयोडीन कमी. pKa अनुक्रमे 7.5, 8.7 आणि 10.6. HCl ते HI मध्ये बाँडचं वजन होतं, इथं ते वजनच काढून घेतलंय, म्हणून निकाल फिरला. निपाणी, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच. मध्यभागी बदलणारा अणू H ला थेट चिकटलेला असेल तर खाली जाताना बाँड जिंकतो. मध्ये ऑक्सिजन असेल तर तो बाँड लढतीत उतरतच नाही.

या 7.5 चा उपयोग रोजचा आहे. पाणी क्लोरीनने शुद्ध करताना जंतू मारतो तो मुख्यतः HOCl, OCl⁻ नव्हे. पाण्याचा pH 7.5 असेल तर निम्मं HOCl असतं, 8 झाला की चौथा हिस्साच उरतो. ब्रोमीन वापरलं तर त्याच 8 ला पाचातले चार भाग HOBr राहतं, कारण ते कमजोर अ‍ॅसिड आहे.

चिकोडीकर
मग आडव्या ओळीत H4SiO4, H3PO4, H2SO4, HClO4 हा क्रम इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीनेच वाढतो ना? ऑक्सिडेशन नंबरही +4, +5, +6, +7 असा वाढतो. दोन्ही नियम बसतात.

टिळकवाडी_रसायन
बसतात, पण उडीचा आकार बघा. pKa 9.8, मग 2.1, मग −3 च्या आसपास, मग त्याहून खूप खाली. दर पावलाला पाच-सात एकक. HOCl आणि HOI मध्ये इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी 3.16 वरून 2.66 वर येते आणि pKa तीनने हलतो. सिलिकॉन ते फॉस्फरस इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीतला फरक त्याहून कमी आहे आणि pKa साडेसातने हलतो. म्हणजे ही उडी दुसऱ्या कशाची तरी आहे.

ती आहे H नसलेल्या ऑक्सिजनची. Si(OH)4 मध्ये असा एकही O नाही. फॉस्फोरिकमध्ये एक, सल्फ्युरिकमध्ये दोन, परक्लोरिकमध्ये तीन. H⁺ गेला की उरलेला भार या मोकळ्या O वर वाटला जातो. पाउलिंग यांनी यावरून बांधलेला ढोबळ नियम असा: pKa साधारण 8 − 5p, आणि p म्हणजे मोकळे O किती. क्लोरीनच्या मालिकेत तो 8, 3, −2, −7 देतो. मोजलेले HOCl 7.5 आणि HClO2 2.0 त्याच्या जवळच आहेत.

चिकोडीकर, आता तुमच्या ऑक्सिडेशन नंबरची परीक्षा घेऊ. HClO2 मध्ये क्लोरीन +3, H3PO4 मध्ये फॉस्फरस +5. pKa 2.0 आणि 2.1. जवळजवळ सारखे, कारण दोन्हीत मोकळा O एकच. क्लोरीनच्या मालिकेत ऑक्सिडेशन नंबर आणि मोकळे O हातात हात घालून वाढतात, म्हणून तुमचा नियम तिथं खरा वाटतो.

चिकोडीकर
होय की. पण फॉस्फरसमध्ये H3PO2, H3PO3, H3PO4 असं +1, +3, +5 वाढतं आणि O सुद्धा वाढतात की.

टिळकवाडी_रसायन
O वाढतात, मोकळे O वाढत नाहीत. H3PO2 मध्ये दोन H थेट P ला आहेत, H3PO3 मध्ये एक, H3PO4 मध्ये एकही नाही. चित्र काढून बघा: तिघांतही P=O एकच. नियम तिघांना 3 च्या आसपास ठेवतो आणि मोजलेले आकडे 1.2, 1.3 आणि 2.1 असे आहेत. तिघं शेजारीशेजारी, आणि क्रम ऑक्सिडेशन नंबरच्या उलटा.

H P वर आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा आर्सेनिक देतं. H3PO4 चा 2.1, खाली H3AsO4 चा 2.2. गटात एक पायरी उतरलो आणि फारसं काही हललं नाही. आता H3PO3 चा 1.3, आणि खाली H3AsO3 चा 9.2. एकाच पायरीत जवळपास आठ एकक. इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीने एवढं होत नाही. H3AsO3 खरोखरच As(OH)3 आहे, तिन्ही H ऑक्सिजनवर, मोकळा O शून्य, आणि नियम 8 सांगतो. फॉस्फरसचंही P(OH)3 असतं तर तेही आठ-नऊच्या घरात गेलं असतं. 1.3 येतो याचाच अर्थ तिथं एक H फॉस्फरसवर सरकलेला आहे आणि एक O मोकळा झालेला आहे.

टेल्युरियमचंही असंच. सल्फ्युरिक आणि सेलेनिक दोन्ही जोरदार, म्हणून खाली H2TeO4 लिहून तेही जोरदार ठरवणारे पुष्कळ. टेल्युरिक अ‍ॅसिड असतं Te(OH)6, मोकळा O नाही, pKa 7.7. मोठ्या अणूभोवती सहा OH मावतात, आणि रचना बदलली की क्रमाचा प्रश्नच बदलतो.

अथणी_द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण तुम्ही H3PO3 चं बोलताय म्हणून विचारतो. आम्ही केवड्यासाठी फॉस्फरस अ‍ॅसिडची पावडर आणि पोटॅशची पापडी, KOH, समान वजनाने पाण्यात विरघळवतो आणि सामू सहा-साडेसहा आला की फवारतो. कधी बरोबर येतो, कधी चक्क दोनवर राहतो आणि पानं करपतात. पावडर खराब येते का? आणि ड्रिप धुवायचं अ‍ॅसिड याच्या जागी चालेल का?

खानापूरची_शिक्षिका
काका, पावडरपेक्षा पापडीकडे आधी बघा. 1 किलो फॉस्फरस अ‍ॅसिड म्हणजे 12.2 मोल. KOH ची पापडी साधारण 85 टक्के असते, म्हणजे 1 किलोत 15.1 मोल. या अ‍ॅसिडचे दोनच H निघतात, तिसरा P ला चिकटलेला. पहिल्याचा pKa 1.3, दुसऱ्याचा 6.7. पहिले H सगळे गेले आणि दुसऱ्यातले चौथाई गेले की सामू 6.2 च्या जवळ थांबतो. समान वजनाचं गणित बसतं ते यामुळे.

आता अडचण कुठं आहे बघा. 1.3 आणि 6.7 मध्ये मोठी दरी आहे. 1 किलो अ‍ॅसिडला पहिला H संपवायला 800 ग्रॅमच्या आसपास पापडी लागते. 725 ग्रॅम पडली तर सामू दोनच्या थोडा वर. 885 पडली तर पावणेसहा. दीडशे ग्रॅममध्ये एवढी उडी. पोतं उघडं राहिलं की पापडी हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, मग तुमच्या 1 किलोत KOH तेवढं उरतच नाही आणि तुम्ही दरीच्या अलीकडे राहता. पापडी एकमेकींना चिकटलेली, ओलसर दिसली तर वजनावर जाऊ नका. अ‍ॅसिड आधी प्लॅस्टिकच्या पिंपात भरपूर पाण्यात विरघळवा, मग पापडी थोडी थोडी घाला, कारण पाणी खूप तापतं. हातमोजे आणि चष्मा लागतोच. गार झाल्यावर मीटरने सामू बघा. सहाच्या वर गेलं की सामू हळूहळू चढतो, तिथं घाबरायचं कारण नाही.

ड्रिपचं अ‍ॅसिड फॉस्फोरिक, H3PO4. ते चालणार नाही. केवड्यावर काम फॉस्फाइटचं आहे, फॉस्फेटचं नाही.

अथणी_द्राक्षबाग
म्हणजे पापडी ओली होती बहुतेक. कॅनवर लेबल नसलं तर दोन्हीतलं कोणतं ते कसं ओळखायचं? सामूवर कळेल?

कॅम्प_लॅब
सामूवर नाही. टायट्रेशननेही चटकन कळत नाही, आणि इथं मुलंही फसतात. 0.1 मोलर H3PO3 चे 20 मिली घेऊन फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर 0.1 मोलर NaOH चे 40 मिली लागतात. H3PO4 घेतलं तरी 40 च्या जवळच लागतात, कारण त्याचा तिसरा H, pKa 12.3, पाण्यात दिसतच नाही. बुरेटवरून दोन्ही दोन-H वाली वाटतात. H3PO2 असेल तर 20 मिलीतच संपतं. फिनॉल्फ्थॅलिन दोन्हीत जरा लवकर रंग दाखवतं, शेवटचा बिंदू साडेनऊ-पावणेदहाला येतो, थायमॉल्फ्थॅलिन जास्त बरं.

ओळखायचं तर सिल्व्हर नायट्रेट. थोड्या द्रावणात काही थेंब टाकून गरम करा. P–H असलेलं अ‍ॅसिड चांदीला ओढून काढतं आणि काळा साका बसतो. फॉस्फोरिकमध्ये काळं होत नाही. काकांनी घरी न करता जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नमुना द्यावा.

निपाणी_सायन्स
म्हणजे ज्या H मुळे ते चांदी काढतं, तोच अ‍ॅसिड म्हणून मोजला जात नाही. आता H3PO2 > H3PO3 > H3PO4 लिहायला भीती नाही. पण 1.2 आणि 1.3 एवढ्या जवळच्या आकड्यांवर क्रम ठरतो का?

चिकोडीकर
माझ्याकडच्या एका पुस्तकात H3PO3 ला 1.8 दिलाय. आणि OH तर H पेक्षा जास्त भार ओढतो, मग OH वाढले की अ‍ॅसिड जोरदार व्हायला पाहिजे. इथं उलट कसं?

टिळकवाडी_रसायन
H3PO3 चे आकडे 1.3 ते 2 पर्यंत सापडतात, तापमान आणि आयनांच्या तीव्रतेप्रमाणे. H3PO4 मागे आहे यात शंका नाही. पहिल्या दोघांचा क्रम पुस्तकं एकमुखाने H3PO2 पुढे असा देतात, पण अंतर लहान आहे. OH बद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे. नेहमीचं उत्तर असं की OH चा ऑक्सिजन स्वतःची इलेक्ट्रॉन जोडी फॉस्फरसकडे सरकवतो आणि P=O चं ओढणं बोथट करतो. H कडे द्यायला अशी जोडी नाही. दिशा बरोबर सांगतो, पण 1.2 ऐवजी नेमका 1.3 का, हे त्यातून निघत नाही.

खानापूरची_शिक्षिका
मला हे उत्तर अपुरं वाटतं. तोच न्याय Si(OH)4 आणि As(OH)3 ला लावला तर तीन OH असलेलं आर्सेनिक चार OH असलेल्या सिलिकॉनपेक्षा पुढे येतं, 9.2 आणि 9.8, ते ठीक. पण Te(OH)6 मध्ये सहा OH आहेत आणि ते या दोघांपेक्षाही जोरदार, 7.7. जोडी सरकवण्याने भार बोथट होत असेल तर ते शेवटी असायला हवं होतं.

टिळकवाडी_रसायन
तिथं टेल्युरियम +6 आहे, म्हणजे चिकोडीकरांचा ऑक्सिडेशन नंबर मोकळे O सारखे असताना थोडं काम करतो असं म्हणता येईल. पण मग H3PO2 आणि H3PO4 मध्ये तो का हरतो, याला माझ्याकडे एका ओळीत मावणारं उत्तर नाही.